किक्किस : रंग उतरणे आणि रेषा जाणे यांतील भेद

प्रास्ताविक

भोसरी, मोशी, चिखली, चाकण या औद्योगिक पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांचा एक समान अनुभव आहे. प्रसूतीनंतर दीड-दोन महिन्यांनी आलेली रुग्णा कंबरदुखी, अल्पस्तन्य किंवा मलावष्टंभ यांविषयी सांगून झाल्यावर, उठता उठता, थोड्या संकोचाने पोटावरील जांभळट रेषांबद्दल विचारते. हाच प्रश्न औषध विक्रेत्यांपुढे अधिक थेटपणे येतो : "स्ट्रेच मार्क्सवर काही आहे का?" गावाकडून नोकरीनिमित्त आलेल्या छोट्या कुटुंबातील तरुण मातेच्या दृष्टीने पाचशे-हजार रुपयांची बाटली ही लहान रक्कम नसते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला धरून आणि प्रामाणिक असावे.

प्रस्तुत लेखात एकच मुद्दा विस्ताराने मांडावयाचा आहे. या रेषांचा रंग आणि रेषांची घडण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. रंग बहुधा आपोआप उतरतो, घडण मात्र बहुतांशी कायम राहते. चिकित्सेचे फळ मोजताना या दोहोंची गल्लत झाली, तर काळाने केलेल्या कामाचे श्रेय तेलाला मिळते.

शास्त्रोक्त वर्णन

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भिणीच्या सातव्या मासाच्या संदर्भात किक्किसाचा उल्लेख येतो. त्या ठिकाणचा एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. गर्भाला केस येऊ लागल्याने मातेला विदाह होतो, असा स्त्रियांमधील समज प्रथम नोंदवून आत्रेयांनी तो नाकारला आहे. त्यांच्या मते वाढणाऱ्या गर्भाच्या उत्पीडनाने दोष उरःप्रदेशी येऊन विदाह करतात, विदाहापासून कंडू उत्पन्न होते आणि कंडूतून किक्किसाची प्राप्ती होते. म्हणजे हेतूच्या मुळाशी गर्भाचा दाब आहे, ही गोष्ट ग्रंथकारांनी स्पष्टपणे ओळखली होती. वाग्भटानेही गर्भोत्पीडित दोषांपासून कंडू, विदाह व किक्किस होतात असे म्हटले आहे.

चिकित्सेत मधुर द्रव्यांनी सिद्ध केलेले नवनीत पाणितलमात्र, म्हणजे सुमारे एक कर्ष, कोलोदकाबरोबर द्यावे, स्तन व उदरावर चंदन-मृणालाचा लेप करावा, मालती व यष्टिमधूने सिद्ध जलाचा परिषेक करावा, असे सांगितले आहे. खाजवू नये असाही स्पष्ट निर्देश असून त्याचे कारण त्वचा फुटणे व वैरूप्य टाळणे हे दिले आहे. येथे चिकित्सेचा रोख मुख्यतः कंडू, विदाह व त्वचेचे रक्षण यांकडे आहे. पडलेली रेषा पूर्ववत होईल, असे आश्वासन तेथे दिलेले नाही. आजच्या काही जाहिरातींमध्ये चरकाचा आधार देऊन जे सांगितले जाते, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

याच प्रकरणात करवीरपत्रसिद्ध तैलाचा अभ्यंगही सांगितला आहे. करवीराच्या सर्व अंगांत हृदयावर तीव्र परिणाम करणारी विषद्रव्ये असतात व औषधद्रव्य कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. गर्भिणीच्या खाजवून ओरखडलेल्या त्वचेवर, अथवा स्तनपान करणाऱ्या मातेच्या स्तनांवर, हे तैल आज वापरण्याचे कारण नाही. त्याहून सौम्य पर्याय त्याच अध्यायात उपलब्ध आहेत.

रेषा कशी होते व कशी फिकट होते

त्वचेच्या वरच्या पातळ थराखाली तिला बळकटी व लवचीकपणा देणाऱ्या तंतूंचा जाड थर असतो. पोट, स्तन, नितंब किंवा मांड्या यांचा आकार त्या तंतूंच्या क्षमतेपेक्षा वेगाने वाढला, आणि गर्भिणी अवस्थेतील वा वयात येतानाच्या अंतःस्रावांमुळे तंतूंचे बंध आधीच सैल झालेले असले, की हा थर आतून विरतो. वरची त्वचा अखंड राहते. म्हणूनच ही रेषा म्हणजे आतून झालेला व्रण होय. आई किंवा सासू सुनेला "तू खाजवलंस म्हणून वळ उठले" असे म्हणते, तेव्हा ते पूर्णतः खरे नसते. खाजवण्याने वरची त्वचा फुटते, काळे डाग पडतात व वैरूप्य वाढते. आतील तंतू मात्र खाजवण्याने तुटत नाहीत. कमी वयातील पहिले गर्भारपण, आईला वा बहिणीला अशा रेषा असणे, गर्भारपणातील अधिक वजनवाढ आणि मोठे बाळ यांत रेषांची शक्यता वाढते.

पहिल्या अवस्थेत तंतू विरलेल्या जागी शोथ असतो व रक्तवाहिन्या विस्फारलेल्या असतात. त्यामुळे रेषा गुलाबी, लाल अथवा जांभळी दिसते, किंचित उंच लागते आणि तिला खाजही असते. आपल्याकडील गव्हाळ-सावळ्या त्वचेवर हा रंग पुष्कळदा तपकिरी-जांभळा भासतो. पुढे सहा महिने ते वर्षभरात, कधी त्याहूनही अधिक काळाने, शोथ ओसरतो, रक्तवाहिन्या आक्रसतात व रेषा पांढुरकी, चपटी, किंचित खोलगट व बारीक सुरकुत्यांची होते. येथे रंगद्रव्यही कमी झालेले असते.

यातून व्यवहारातील एक गोष्ट निघते. गोऱ्या त्वचेवर पांढरी रेषा सहसा लपून जाते, तर सावळ्या त्वचेवर तीच पांढरी रेषा अधिक उठून दिसू शकते. "रंग गेला की दिसणार नाही" असे सरसकट सांगितल्यास सावळ्या रुग्णेची वर्षभराने निराशा होते. तिला आधीच सांगावे की जांभळेपणा जाईल, खाज जाईल, उंचवटा जाईल, आणि फिकट, मऊ अशी रेषा मागे राहील.

रुग्णवृत्त

मोशी येथील २४ वर्षांची एक रुग्णा, पती चाकणच्या कारखान्यात नोकरीस. प्रथम प्रसूती, नैसर्गिक. गर्भारपणात १७ किलो वजनवाढ, बाळाचे जन्मवजन ३.४ किलो. प्रसूतीनंतर सहाव्या आठवड्यात ती आली, तेव्हा नाभीच्या खाली व दोन्ही कुशींत जांभळट-लाल रेषा होत्या. खाज व रूक्षता होती. रक्तदाब, रक्तशर्करा प्राकृत. कोणतेही स्टेरॉइड घेतल्याचा इतिहास नाही.

तिच्यापुढे खरा पेच वेगळाच होता. एका ब्यूटी पार्लरने तिला १८,००० रुपयांचे सहा बैठकींचे पॅकेज सुचविले होते. एका परिचित बाईने अ-जीवनसत्त्वाच्या गटातील क्रीम आणून दिले होते व "हे लाल असतानाच लावावं लागतं, त्यासाठी बाळाचं दूध तोडलंस तरी चालेल" असे सांगितले होते. या सल्ल्याचा पूर्वार्ध निराधार नाही. ज्या थोड्या उपचारांचा परिणाम दिसतो, तो लाल अवस्थेतच अधिक दिसतो, आणि ही लाल अवस्था नेमकी स्तनपानाच्या काळाशी येते. तिला स्पष्ट सांगितले की क्रीमचा लाभ मर्यादित आहे, सहा आठवड्यांच्या बाळाचे स्तन्य त्यासाठी तोडण्याजोगा तर तो मुळीच नाही. पार्लरच्या पॅकेजलाही थांबण्यास सांगितले, कारण येत्या वर्षभरात बरेच बदल आपोआप होणार होते.

तेलाचा उपयोग किती होतो हे तिलाच पाहता यावे म्हणून पोटाच्या दोन बाजूंची तुलना ठरविली. उजव्या बाजूस मंजिष्ठा व यष्टिमधूने सिद्ध तिलतैल ५ मिली, रात्री दहा मिनिटे हलक्या हाताने जिरवावयाचे. डाव्या बाजूस काहीही नाही. प्रत्येक बाजूच्या तीन रेषा निवडून नाभीपासूनचे त्यांचे अंतर लिहून ठेवले. पारदर्शक पट्टीने लांबी व रुंदी मोजली. छायाचित्र दर वेळी त्याच खिडकीशी, सकाळच्याच उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, एक हात अंतरावरून व पट्टी रेषेशेजारी ठेवून घेतले. अंगावरचे कपडे अर्धा तास आधी सैल करावयास लावले, कारण नाडीच्या वळाने रेषा लाल दिसते.

दुसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूची खाज व रूक्षता गेली. डावीकडील खाज सुमारे दोन महिने टिकली. तिसऱ्या महिन्यात सर्वांत मोठी रेषा उजवीकडे ७२ मिलिमीटरवरून ६३ वर व डावीकडे ७० वरून ६२ वर आली. येथेच फसगत होते. उजवी बाजूच फक्त पाहिली असती, तर तेलाने नऊ मिलिमीटर रेषा कमी झाली असे म्हणता आले असते. वस्तुतः सूतिकावस्थेत पोटच आक्रसत होते आणि त्याबरोबर रेषाही आखूड होत होती. बाराव्या महिन्यात या रेषा अनुक्रमे ६१ व ६० मिलिमीटर होत्या. रुंदी दोहोंकडे ६ वरून ५ झाली होती. दोन्ही बाजूंचा जांभळेपणा सहाव्या महिन्यात तपकिरी-गुलाबी व वर्षाअखेर फिकट झाला, आणि छायाचित्रांत दोन बाजू वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. रुग्णा म्हणाली, "डॉक्टर, तेलाची बाजू हाताला मऊ लागते, पण दिसायला दोन्ही सारख्याच."

एका रुग्णेवरून सिद्धांत निघत नाही. मात्र ही पद्धत कोणत्याही चिकित्सालयात विनाखर्च करता येते. सर्व पोटावर तेल लावून "आधी आणि नंतर" अशी छायाचित्रे दाखविणाऱ्या जाहिरातीत कोणती उणीव असते, तेही तीतून ध्यानात येते.

उपचारांपासून किती अपेक्षा ठेवावी

गर्भारपणात रेषा पडूच नयेत यासाठी लावावयाच्या मलमांचा आढावा २०१२ साली कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात सहा अभ्यासांतील ८०० स्त्रियांचा समावेश होता. मलम लावणाऱ्या व न लावणाऱ्या स्त्रियांत रेषा पडण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. कोको बटर व ऑलिव्ह तेल यांच्या अभ्यासांतही लाभ दिसलेला नाही. मंडूकपर्णीयुक्त क्रीमचा व बदाम तेलाच्या मर्दनाचा अनुकूल निष्कर्ष देणारे लहान अभ्यास आहेत. परंतु त्या क्रीममध्ये इतर द्रव्येही होती, आणि बदाम तेलाच्या बाबतीत तेल व मर्दन यांपैकी कशाचा वाटा किती हा प्रश्न उरतो. तेव्हा गर्भिणीला अभ्यंग अवश्य सांगावा, तो खाज, रूक्षता व ताण यांसाठी. "रेषा पडणार नाहीत" या वचनावर मात्र तेल विकू नये.

लाल अवस्थेत ट्रेटिनॉइन या द्रव्याचा परिणाम नोंदला गेला आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात ०.१ टक्का क्रीम सहा महिने रोज लावल्यावर रेषांची लांबी सरासरी १४ टक्के व रुंदी ८ टक्के कमी झाली. म्हणजे ७० मिलिमीटरची रेषा साधारण ६० ची झाली. ती नाहीशी झाली नाही. या क्रीमने त्वचा लाल होते व सोलवटते, गर्भारपणात ते वर्ज्य आहे आणि स्तनपानाच्या काळात त्वचारोगतज्ज्ञ ते सामान्यतः टाळतात. म्हणून औषध विक्रेत्यांनी ते चिठ्ठीशिवाय देऊ नये.

रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या लेझरने लाल रंग लवकर उतरतो. पांढऱ्या रेषांवर अंशात्मक लेझर अथवा सूक्ष्म सुयांची पद्धत वापरतात. त्याने पोत सुधारतो, रेषा पुसली जात नाही व अनेक बैठकी लागतात. आपल्या त्वचेत लेझरनंतर काळे डाग पडण्याचा धोका अधिक आहे. रुग्णेने हा मार्ग निवडलाच तर स्तनपान संपल्यावर, त्वचारोगतज्ज्ञाकडे, आधी लहानशा जागेवर परीक्षण करून घेण्याचा सल्ला द्यावा.

आपल्या सिद्ध तैलांचे, शतधौतघृताचे व चंदन-यष्टिमधूच्या लेपांचे स्थान यावरून ठरते. कंडू, दाह व रूक्षता यांवर उपशय लवकर व स्पष्ट मिळतो आणि तो रुग्णेला मोलाचा असतो. पांढऱ्या झालेल्या रेषेची घडण त्यांनी बदलते, असे म्हणण्यास आधार नाही.

वयात येणारी मुले

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांत उंची झपाट्याने वाढताना कंबरेच्या वर पाठीवर एकाखाली एक अशा आडव्या जांभळट रेषा उमटतात. मुलींत त्या मांड्या, नितंब व स्तनांवर दिसतात. पाठीवरील रेषा छडीच्या वळांसारख्या दिसत असल्याने शाळेत वा घरी मारहाणीचा संशय घेतला जातो. माराचा वळ काही दिवसांत हिरवट-पिवळा होऊन जातो व स्पर्शास दुखतो. वाढीची रेषा आठवडेच्या आठवडे तशीच राहते व दुखत नाही. तिला उपचार लागत नाही. एक-दोन वर्षांत ती फिकट होते. पालकांना वैद्याने हे सांगणे हीच येथील चिकित्सा होय.

किक्किस म्हणून थांबू नये अशी स्थाने

पहिले स्थान गर्भिणीच्या कंडूचे. शेवटच्या तिमाहीत पुरळ नसताना तळहात व तळपाय यांना रात्री असह्य खाज येत असेल, तर ती यकृतातील पित्तप्रवाहाच्या अवरोधाची असू शकते व त्यात गर्भाला धोका असतो. पोटावर रेषा आहेत म्हणून ही खाज किक्किसाची ठरवू नये. तिला त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञाकडे यकृताच्या व पित्ताम्लांच्या तपासणीसाठी पाठवावे.

दुसरे स्थान स्टेरॉइडचे, आणि आपल्या भागात ते वारंवार भेटते. कारखान्यात पाळीभर घामात काम करणाऱ्या तरुणाला जांघेत गजकर्ण होते. तो दुकानातून मिश्र मलम घेतो. त्यातील तीव्र स्टेरॉइडने खाज थांबते म्हणून महिनोन्महिने लावत राहतो. मग जांघेत व मांडीच्या आतील बाजूस रुंद, जांभळ्या रेषा पडतात, आणि त्या कायमच्या असतात. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. "गजकर्णाचं मलम द्या" या मागणीवर अशी ट्यूब न देणे, हाच या रेषांचा एकमेव खात्रीचा प्रतिबंध आहे.

पोटात घेतलेल्या स्टेरॉइडचा प्रकार याहून गंभीर आहे. सांधेदुखी वा दम्यासाठी कोणी नाव नसलेली पुडी देते, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि रुग्णाला ते "आयुर्वेदिक" म्हणून माहीत असते. रेषा सेंटिमीटरभर वा अधिक रुंद व गडद जांभळ्या, चेहरा गोल, हातपाय बारीक, थोड्या धक्क्याने काळेनिळे होणे, उकिडवे बसल्यावर हाताच्या टेक्याशिवाय उठता न येणे, रक्तदाब वा शर्करा वाढलेली, अशी लक्षणे दिसली तर पुडीबद्दल नेमके विचारावे. लहान मुलात सर्वांत उपयोगी खूण उंचीची आहे. प्राकृत वाढीच्या रेषांत उंची वाढत असते. येथे वजन वाढते आणि उंची थांबते. अशा रुग्णाची पुडी एकदम बंद करू नये. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या शरीराची स्वतःची अंतःस्रावनिर्मिती मंदावलेली असते व अकस्मात बंद केल्यास जीवावर बेतू शकते. पुडीसह रुग्णास यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे व पत्रात संशय स्पष्ट लिहावा. स्टेरॉइडचा कोणताच इतिहास नसेल, तरी ही लक्षणे असता कॉर्टिसॉलची तपासणी आवश्यक आहे.

सारांश

किक्किसाच्या रुग्णेला पहिल्याच भेटीत पुढील गोष्टी सांगाव्यात. जांभळा रंग सहा महिने ते वर्षभरात, क्वचित उशिरा, उतरेल. रेषा फिकट होऊन राहील व सावळ्या त्वचेवर ती दिसेल. तेलाने खाज व कोरडेपणा जाईल. क्रीम व लेझरने अंशतः फरक पडतो आणि त्यासाठी बाळाचे दूध तोडावयाचे नाही. औषध विक्रेत्यांनी बाटली देताना याच शब्दांत सांगितले, तर ग्राहक तेल खाजेसाठी घेऊन जाईल आणि वर्षभराने रेषा राहिली म्हणून तक्रार घेऊन परत येणार नाही.